बाघ प्रिंटचं कॉटन: कसं बनतं, हाताला कसं लागतं आणि त्याबद्दल लिहायचं काय (नेहमी विचारले जाणारे प्रश्न)

मी कॉटनच्या साड्या, ओढण्या आणि थानातलं कापड विकते, त्यातलं बरंचसं बाघ प्रिंट असतं. रोज मेसेजमध्ये तेच तेच प्रश्न येतात. काही घेणाऱ्यांचे असतात, आणि आजकाल बरेचसे अशा मुलींचे असतात ज्या स्वतःचं छोटं दुकान चालवतात आणि विचारतात की "ताई, या कापडाचं वर्णन काय लिहू?" म्हणून सगळं एकाच जागी टाकतेय.

बाघ प्रिंट कुठलं आणि त्याची खूण काय?

मध्य प्रदेशात धार जिल्ह्यात कुक्षीजवळ बाघ नावाचं गाव आहे, बाघिनी नदीच्या काठी. तिथले छापणारे खत्री लोक, यांचे पूर्वज सिंधमधून आले. पूर्वी हे कापड मुख्यतः आसपासच्या भिल्ल, भिलाला बायकांच्या लुगड्या-घागऱ्यांसाठी छापलं जायचं, शहरातल्या साड्या आणि बेडशीट हे नंतरचं. जवळच गुहा आहेत, त्यातल्या भित्तिचित्रांवरून काही नक्षी घेतलेली आहे.

खूण सोपी आहे. पांढरी जमीन, त्यावर लाल आणि काळा. बाकीचे रंगही करतात पण ओळख या दोन रंगांची. आणि जमीन खरंच पांढरी असते. राजस्थानातल्या बगरूच्या कापडाची जमीन बऱ्याचदा पिवळसर, सायीच्या रंगाची राहते, कारण तिथे हिरड्याचा पिवळा तसाच ठेवतात. बाघला तो मुद्दाम घालवतात. दोन्ही कापडं शेजारी ठेवली की लगेच कळतं.

ठशाला लाल रंग लावून छापतात ना?

नाही, आणि ही एक गोष्ट कळली की पुढचं सगळं सोपं होतं. ठशाने लाल रंग छापतच नाहीत. छापतात ती तुरटी. म्हणजे तुरटीचं पाणी चिंचोक्याच्या खळीत घट्ट करून तो लगदा ठशाने कापडावर उमटवतात, आणि मग अख्खं कापड रंगाच्या भट्टीत घालतात. जिथे तुरटी आहे तिथे लाल धरतो, जिथे नाही तिथे धरत नाही, धरलाच तर नुसता गुलाबी डाग पडतो जो नंतर निघून जातो.

काळ्याचंही तसंच, फक्त तुरटीच्या जागी लोखंड. हिराकस वापरतात, किंवा जुनं गंजकं लोखंड गूळ-पाण्यात काही दिवस आंबवून त्याचं पाणी काढतात. मजा म्हणजे काळा छापता छापताच दिसायला लागतो, कारण कापडात आधीच हिरडा मुरलेला असतो आणि लोखंड हिरड्याला भिडलं की काळं होतं. तुरटीचा छाप मात्र जवळपास दिसतच नाही. कुठे छापलंय ते कळावं म्हणून लगद्यात थोडा कच्चा रंग टाकतात जो धुण्यात निघून जातो. म्हणजे छापणारा माणूस दिवसभर जे छापतो त्याचा खरा रंग त्याला बऱ्याच दिवसांनी, भट्टीतच दिसतो.

म्हणूनच हा रंग कापडावर बसलेला नसतो, धाग्यात असतो. वर्णनात जे लिहायचं ते सगळं इथून येतं.

छापायच्या आधी कापडाचं काय करतात?

गिरणीतून किंवा मागावरून आलेल्या कोऱ्या कापडात खळ असते, ती गेली नाही तर रंग ठिपक्याठिपक्याने धरतो. बाघला कापड संचोरा नावाचा खार, एरंडेल आणि बकरीच्या लेंड्या यांच्या पाण्यात भिजवून तुडवतात, ढीग करून ठेवतात, वाळवतात, आणि हे पुन्हा पुन्हा करतात. लेंड्यांचं नाव काढलं की लोक नाक मुरडतात, पण कापड त्यानेच मऊ आणि पाणी पिणारं होतं, आणि एरंडेलामुळे लाल खोल बसतो. शेवटी त्याचा कणही उरत नाही. मग हिरड्याच्या पाण्यात बुडवून काढायचं, पिळायचं आणि उन्हात वाळवायचं. आता कापड फिकट पिवळं दिसतं आणि छापायला तयार होतं.

नदीचं एवढं कौतुक का करतात?

कारण छापून झालं, बरेच दिवस वाळलं, की जास्तीची खळ आणि न धरलेली तुरटी-लोखंड काढून टाकावं लागतं. ते वाहत्या पाण्यातच नीट होतं. साचलेल्या पाण्यात धुतलं तर सुटलेलं लोखंड परत त्याच कापडाच्या पांढऱ्या भागावर बसतं, आणि एकदा बसलं की भट्टीत ती जागा राखाडी होते, मग काहीही करा, ती जात नाही. नदीत उभं राहून कापड पाण्यावर फेकत धुतात, सुटलेलं सगळं प्रवाहाबरोबर पुढे जातं.

मग भट्टी. तांब्याच्या मोठ्या भांड्यात लाल रंग देणारं अलिझरीन आणि धायटीची फुलं (ते लोक धावडी म्हणतात) घालून हळूहळू तापवत काही तास कापड फिरवत राहायचं. फिरवलं नाही तर घडीच्या जागी पट्टे येतात. धायटीमुळे रंग सारखा बसतो आणि पांढरा फार मळत नाही.

आणि त्यानंतर तपाई, जी मला सगळ्यात आवडते. भट्टीतून निघालेलं कापड नदीकाठच्या गोट्यांवर उन्हात पसरायचं, वाळत आलं की पाणी शिंपडायचं, परत वाळू द्यायचं, परत शिंपडायचं. असं करत करत गुलाबी झाक आणि हिरड्याचा पिवळा उडत जातो आणि पांढरा वर येतो. ब्लीच नाही. नदीला पाणी कमी असलं की हे सगळंच अडतं आणि ऑर्डर लांबते, तेव्हा उन्हाळ्यात "अजून का नाही आलं" विचारलंत तर माझ्याकडे हेच उत्तर असतं.

मग हे १००% नैसर्गिक रंग म्हणायचे का?

मी म्हणत नाही. हिरडा झाडाचा, चिंचोके झाडाचे, धायटी झाडाची, तुरटी आणि हिराकस ही खनिज द्रव्यं. पण लाल देणारं अलिझरीन आज बहुतेक ठिकाणी कारखान्यात बनलेलं असतं. पूर्वी हा लाल आलच्या किंवा मंजिष्ठाच्या मुळांपासून यायचा. १८६८ मध्ये जर्मनीत अलिझरीन प्रयोगशाळेत बनवता आलं आणि पुढच्या काही वर्षांत ते बाजारात इतकं स्वस्त झालं की जगभर मुळांची शेतीच बसली. रंगाचं कूळ तेच, फक्त मुळात एकाऐवजी बरीच रंगद्रव्यं मिसळलेली असतात, म्हणून मुळाचा लाल थोडा विटकरी, नारिंगीकडे झुकणारा येतो आणि कारखान्यातल्या अलिझरीनचा सरळ गडद लाल येतो.

त्यामुळे "पारंपरिक हिरडा-तुरटी पद्धतीने, अलिझरीनच्या लालात" असं लिहा. खरं आहे आणि ऐकायलाही बरं आहे. खरोखर आल किंवा मंजिष्ठा वापरून केलेलं कापड मिळतं, पण ते महाग असतं आणि कारागीर स्वतःहून सांगतो. जो सांगत नाही त्याच्या वतीने आपण कशाला सांगायचं?

हाताने छापलंय की स्क्रीन प्रिंट, कसं ओळखू?

सांधे बघा. ठसा वीतभराचा असतो, तो पुन्हा पुन्हा टेकवत पुढे जातात, तर दोन छापांच्या मध्ये कुठेतरी केसभर फट किंवा केसभर चढलेली रेघ सापडते. साडीच्या काठावर, आणि विशेषतः कोपऱ्यात जिथे नक्षी वळवावी लागते तिथे जास्त. मग एकाच बुट्ट्याचे पाच-सहा छाप बघा, एकात लाल भरगच्च, दुसऱ्यात जरा विरळ, कारण लगदा दरवेळी सारखा उचलला जात नाही. स्क्रीनमध्ये चूक असली तर तीच चूक तेवढ्याच अंतरावर परत परत येते. हातात ती कुठेही येते.

उलटी बाजू बघून लोक निर्णय देतात, त्यात थोडी गडबड आहे. बाघमध्ये नक्षी उलट्या बाजूला फिकट पण स्पष्ट दिसते, हे खरं. पण पातळ मलमलवर स्क्रीन प्रिंटही आरपार जातं. उलट्या बाजूवरून फक्त पिगमेंट प्रिंट ओळखू येतं, कारण ते वरच बसतं, मागे कापड कोरं, आणि पुढून बोट फिरवलं की नक्षी जराशी उंच, रबरासारखी लागते. बाघवर डोळे मिटून बोट फिरवा, नक्षी कुठे सुरू झाली ते कळत नाही.

रंगाचं वर्णन करताना नेमकं काय लिहायचं? नुसतं "लाल-काळा" फार कोरडं वाटतं.

वाटतं खरं. पण त्यावर उपाय म्हणून लोक "मनमोहक", "रॉयल", "मातीशी नातं सांगणारे रंग" वगैरे लिहितात, आणि त्यातून समोरच्याला काहीच दिसत नाही.

लाल कुठला ते लिहा. बाघचा चांगला लाल डाळिंबी असतो, खोल, चकाकी नसलेला. मंजिष्ठाचा असेल तर विटकरी. लोखंडाचा अंश गेला असेल तर आमसुली होतो, जरा काळपट, आणि तो काहींना जास्त आवडतो, तेव्हा लपवू नका, आमसुलीच लिहा. बाजारातला रासायनिक लाल कुंकवासारखा भडक असतो, तसा हा कधीच नसतो, आणि "भडक नाही" एवढंही लिहिलं तरी निम्मं काम होतं.

काळा शाईचा काळा नसतो. त्यात लोखंड-हिरड्याचा काळा आहे आणि वर भट्टीत लोखंडाला अलिझरीन धरलं की जांभळट रंग येतो, म्हणून जिथे लगदा पातळ लागलाय, रेघांच्या टोकाशी वगैरे, तिथे उजेडात वांगी झाक दिसते. हे फोटोत येत नाही म्हणून लिहायला हवं.

पांढऱ्याला "शुभ्र" म्हणू नका. त्यात गिरणीच्या कापडाची निळसर चमक नसते. मोतिया किंवा दुधी म्हणा. घेणारीने टिनोपाल घातलेल्या ब्लाऊजशेजारी साडी ठेवली तर ती मळकी वाटेल, आणि मग तुम्हाला फोन येईल.

आणि हाताला कसं लागतं?

दोन वेगळ्या गोष्टी आहेत, कापडाचा पोत आणि प्रक्रियेचा परिणाम. पोत कापडावर अवलंबून. मलमल असेल तर झिरझिरीत आणि अंगाला लागून पडणारं, कॅम्ब्रिक असेल तर घट्ट विणीचं, जरा अंग धरून राहणारं, कुर्त्याला बरं. महेश्वरीवर बाघ केलेलं असेल तर त्यात रेशीम आलं, मग ते सुळसुळीत. "सॉफ्ट कॉटन" तिन्हींना लिहिलं की तिघींपैकी दोघी नाराज.

प्रक्रियेमुळे इतक्या वेळा तुडवून, उकळून, वाळवून कापड आधीच आटलेलं असतं, धागा फुगून बसलेला असतो, त्यामुळे विण कोऱ्या कापडापेक्षा भरलेली वाटते आणि नंतर फार आटत नाही. चमक नाही. नवीन असताना हिरड्यामुळे जरा कोरडं, किंचित करकरीत लागतं, नाकाशी नेलं तर तुरट वास येतो. तीन-चार धुण्यांत ते जातं आणि मग खरा मऊपणा येतो. हे आधीच लिहिलं की "कापड कडक आहे हो" अशी तक्रार येत नाही.

एखादं पूर्ण वर्णन लिहून दाखवाल का?

माझ्याकडची एक मलमलची साडी घेते. पांढरी जमीन, अंगभर बारीक काळी जाळी, काठाला लाल वेल, पदर जास्त लाल. मला पाठवलेलं वर्णन होतं: "सुंदर हॅण्डब्लॉक प्युअर नॅचरल बाघ प्रिंट साडी, सुपर सॉफ्ट, ट्रेंडी लुक."

मी ते असं केलं: "मलमलची साडी, बाघ येथे हाताने छापलेली. मोतिया जमिनीवर बारीक काळी जाळी, काठाला आणि पदराला डाळिंबी लाल वेल. काळ्यात उजेडात किंचित जांभळी झाक दिसते. हिरडा-तुरटी पद्धत, लाल अलिझरीनचा. कापड झिरझिरीत, आतून परकर दिसेल, फिकट रंगाचा घ्या. नवीन असताना जरा करकरीत, धुऊन मऊ होते. काठाच्या एका कोपऱ्यात ठशाचा सांधा दिसतो, फोटो ४ बघा."

परकराचं वाक्य बघून एक ओळखीची म्हणाली, "अगं, असं लिहिलंस तर कोण घेणार?" साडी गेली, आणि परत नाही आली.

फोटोत रंग वेगळाच दिसतो, काय करू?

दुपारच्या उन्हात काढू नका, लाल नारिंगी येतो. सकाळी खिडकीपाशी, थेट ऊन नसलेल्या उजेडात काढा आणि शेजारी एक साधा पांढरा कागद ठेवा, म्हणजे बघणाऱ्याला मोतिया किती मोतिया ते कळतं. फिल्टर नको.

घरी एखादी ओढणी करून बघता येईल का?

येईल, बाघसारखी होणार नाही पण पद्धत कळेल. साधारण २५० ग्रॅमची कॉटन ओढणी धरून सांगते.

पाच लिटर पाण्यात दोन चमचे धुण्याचा सोडा घालून ओढणी तासभर उकळा. पाणी पिवळट-तपकिरी झालं म्हणजे खळ निघतेय. स्वच्छ धुवा. पाण्याचा थेंब टाकून बघा, लगेच शोषला गेला पाहिजे, वर मोत्यासारखा बसून राहिला तर परत उकळा. हा थेंब टाळला की पुढे डाग ठरलेलेच.

५० ग्रॅम हिरडा पूड तीन लिटर पाण्यात रात्रभर ठेवा, गाळा, त्यात ओढणी अर्धा तास बुडवा, पिळा आणि न धुता आडवी पसरून वाळवा. दोरीवर टांगली तर हिरडा खाली उतरतो आणि एक टोक गडद होतं.

लालसाठी १०० मिली गरम पाण्यात १० ग्रॅम तुरटी, काळ्यासाठी वेगळ्या भांड्यात १०० मिलीला ३ ग्रॅम हिराकस. दोन्हीत चिंचोक्याच्या पिठाची शिजवलेली खळ मिसळा, श्रीखंडापेक्षा सैल आणि ताकापेक्षा घट्ट. पातळ झालं की काळ्याच्या कडेला पाण्याचं वर्तुळ फुटतं. हिराकस जास्त घालायचा मोह होतो, घालू नका, जास्त लोखंडाने कापड त्या जागी कुजतं, जुन्या छापील कापडांत नेमकी काळ्या नक्षीची भोकं पडलेली दिसतात ती यामुळेच. टेबलावर जुन्या चादरीच्या चार-पाच घड्या घाला, कडक टेबलावर ठसा मधोमध उमटत नाही.

छापून निदान तीन-चार दिवस वाळू द्या. मग नळाखाली, वाहत्या पाण्यात, बादलीत अजिबात नाही. हाताला बुळबुळीत लागायचं थांबलं की झालं.

आता १५० ते २०० ग्रॅम मंजिष्ठा पूड फडक्यात बांधून रात्रभर भिजवलेली, तिच्या पाण्यात ओढणी सैल बुडेल एवढं पाणी घाला. स्टीलचं भांडं, लोखंडी नको, आणि स्वयंपाकाचं तर नकोच. तासाभरात हळूहळू गरम करा, वाफा यायला लागल्या की आच कमी करून पाऊण तास तसंच ठेवा. उकळलं तर लाल तपकिरीकडे जातो. सतत हलवा. काढून धुवा आणि गच्चीवर उन्हात पसरून दिवसभर पाणी शिंपडत राहा. लाल विटकरी येईल. डाळिंबी नाही आला म्हणून निराश होऊ नका, ते मुळाचंच आहे.

विकत घेताना बिघडलेलं कापड कसं ओळखायचं?

पांढऱ्यावर राखाडी धुरकट छटा म्हणजे धुणं नीट झालं नाही, ती जाणार नाही. सगळीकडे हलका गुलाबी म्हणजे तपाई कमी झाली, तो एक-दोन धुण्यांत आणि उन्हात बराचसा उडतो, चालेल. काळ्या नक्षीवर दोन्ही हातांनी कापड हलकं ताणून बघा, कुरकुरलं किंवा धागे सरकले तर सोडून द्या. ओल्या पांढऱ्या रुमालाने लाल चोळा, अगदी हलका गुलाबी लागला तर ठीक, चटक लाल लागला तर तो या पद्धतीचा लाल नाही किंवा नीट धरलेला नाही.

धुवायचं कसं? आणि लिंबाचं खरं आहे का?

पहिल्यांदा एकटंच, गार पाण्यात, रिठ्याने किंवा सौम्य लिक्विडने. सोड्याच्या पावडरीने लाल गुलाबी-जांभळटाकडे सरकतो. भिजत घालू नका. सावलीत वाळवा, उलट्या बाजूने इस्त्री. नीळ, टिनोपाल, ब्लीच काही नको.

लिंबाचं अगदी खरं आहे. पंगतीत साडीच्या काळ्या जाळीवर लिंबाचा रस उडाला की तेवढा काळा फिका होऊन पिवळट ठिपका राहतो, कारण आंबट रस लोखंड सोडवून घेतो. लालवर पडला तर तो नारिंगी होतो. लगेच भरपूर पाण्याने धुतलं तर थोडं वाचतं, घरी जाऊन बघू म्हटलं तर नाही. चिंचेची आमटी, सोलकढी, व्हिनेगर, सगळ्याला हेच लागू. काहीजण याचीच परीक्षा म्हणून दुकानात लिंबू पिळून दाखवतात, काळा उडाला म्हणजे लोखंड-हिरड्याचा खरा काळा, आणि परीक्षा बरोबरच आहे, फक्त ती कापून घेतलेल्या चिंधीवर करा, माझ्या साडीवर नाही.